मालकाने दिलेली जबान आणि करारातले शेवटचे कलम

समजा, एका जोडप्याने पुण्यात 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेतला. भाडे 18,000, डिपॉझिट 60,000. घर दाखवताना मालक दोन गोष्टी बोलला: "खिडकीला ग्रिल मी बसवून देतो," आणि "कधीही सोडा, महिनाभर आधी सांगा म्हणजे झालं." करारात मात्र सहा महिन्यांचा लॉक-इन होता. ग्रिलचा उल्लेखच नव्हता. चौथ्या महिन्याअखेर बदली झाली, त्यांनी घर सोडले. मालकाने उरलेल्या दोन महिन्यांचे 36,000 कापून 24,000 हातावर ठेवले.

कायदा इथे काय म्हणतो? भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 94 आणि 95 नुसार, अटी कागदावर उतरल्या की त्या कागदाविरुद्ध जाणारे तोंडी बोलणे पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे लॉक-इनबद्दल मालकाने दिलेला शब्द तिथेच संपतो. ग्रिलची गोष्ट वेगळी आहे. ज्या बाबतीत करार गप्प आहे आणि जी त्याच्या अटींशी विसंगत नाही, असे तोंडी ठरलेले सिद्ध करायला कलम 95 थोडी वाट ठेवते.

ही वाट बंद करण्यासाठीच करारात शेवटी एक कलम असते: "हा करार म्हणजे उभय पक्षांमधील संपूर्ण करार असून यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी रद्द समजावीत." म्हणजे करार गप्प नाही, यापलीकडे काही ठरलेच नाही, असे तो सांगतो. 'लेखी' या शब्दामुळे सहीआधीचे व्हॉट्सॲप मेसेजही त्यात येतात. फसवणुकीचा दावा तरीही करता येतो. पण शब्द देतानाच तो पाळायचा मालकाचा इरादा नव्हता, हे सिद्ध करावे लागते. नुसता शब्द मोडला, एवढे पुरत नाही.

सही झाल्यावर मिळालेल्या तोंडी सवलतीचेही तेच. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि अशा करारात नंतर तोंडी केलेला बदल कलम 95 मान्य करत नाही.

आपल्या अनेक तरुणांना आडनाव ऐकूनच घर नाकारले जाते. त्यामुळे एखादा मालक हो म्हणाला की "हे लिहून द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. पण ते म्हणायची वेळ एकच आहे: एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन येण्याआधी. मसुदा आदल्या दिवशी मागवा, आधी शेवटचे पान वाचा. मालकाशी वाद घालून ते कलम काढून घेण्याची गरज नाही, त्याच्या वर एक ओळ वाढवून घ्या: "मालक 15 दिवसांत स्वखर्चाने खिडकीला ग्रिल बसवील, न बसवल्यास परवानाधारकाने ते बसवून खर्च भाड्यातून वळता करावा." लॉक-इनची ओळ खोडून तिथे एक महिन्याची नोटीस लिहून घ्या. मालक मनापासून बोलला असेल, तर या दोन ओळींना त्याची हरकत नसेल. हरकत घेतलीच, तर डिपॉझिट देण्याआधीच आपल्याला उत्तर मिळालेले असेल.