बिडी सोडली आणि खोकला वाढला

लखनौ ते सीतापूर या मार्गावरील बख्शी का तालाब येथून एका भगिनींचे पत्र आले आहे. मंडळी नोकरीनिमित्त तेथे राहतात. सासरे तीस वर्षे बिडी ओढत होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती निग्रहाने सोडली. परंतु खोकला कमी होण्याऐवजी वाढला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून घरात सकाळी गुळाचा खडा, दुपारी ज्येष्ठमधाचा काढा आणि रात्री वाफ असा क्रम चालू आहे. उतार नाही, आणि आता सासरे म्हणतात, ‘‘बिडी होती तेव्हाच बरा होतो.’’ या वाक्यामुळेच पत्राचे उत्तर येथे देत आहोत.

प्रथम गुळाविषयी, कारण ही समजूत केवळ आजीबाईची नव्हे; तिचा एक धागा खुद्द लखनौमध्येच सापडतो. तेथील औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या श्वासनलिकेत कोळशाची व सिलिकाची धूळ घालून त्यांपैकी काहींना आठवड्यातून पाच दिवस, असे नव्वद दिवस, रोज अर्धा ग्रॅम गूळ दिला. गूळ खाणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसांतील धुळीचे कण जवळच्या लसिकाग्रंथींकडे अधिक प्रमाणात सरकलेले दिसले. प्रयोग मोलाचा आहे. पण त्यातून काय निघत नाही तेही पाहिले पाहिजे. कण शरीराबाहेर पडले असे नव्हे, त्यांनी जागा बदलली. धूळ प्रयोगकर्त्यांनी घातलेली होती, ती वर्षानुवर्षे ओढलेल्या धुराची नव्हती. शिवाय उंदीर दोनशे ग्रॅमचा धरला, तर निव्वळ वजनाच्या त्रैराशिकाने साठ किलोच्या माणसाला रोज दीडशे ग्रॅम गूळ खावा लागेल. असे त्रैराशिक औषधशास्त्रात चालत नाही; योग्य रीतीने हिशेब केला तर आकडा बराच खाली येतो. पण जेवणानंतरचा खडा म्हणजे तो प्रयोग नव्हे, एवढे त्यावरून कळते. आणि घरात मधुमेह असेल तर हा खडाही विचार करूनच द्यावा.

काढ्याची गोष्ट अधिक सरळ आहे. प्यालेला काढा अन्ननलिकेने जठरात जातो, फुप्फुसांत जात नाही. गरम पेयाने घसा शेकतो, कफ थोडा पातळ होतो, हा लाभ खरा. मात्र ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. वृद्धांसाठी ही क्षुल्लक बाब नाही. वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते. ती फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचून काही धुऊन काढीत नाही. उलट उकळते पातेले कलंडून मुले भाजतात, ते मात्र खरोखर घडते.

मग फुप्फुसे स्वच्छ होतात तरी कशी? श्वासमार्गाच्या आतील बाजूस चिकट कफाचा पातळ थर असतो आणि त्याखाली केसांसारखे असंख्य सूक्ष्म तंतू असतात. ते एका लयीत हलून धूळ धरलेला कफ घशाकडे वर ढकलतात. सर्वांत खोल वायुकोशांत हे तंतू नसतात; तेथे भक्षक पेशी कण गिळतात आणि हे काम महिनोन्‌महिने चालते. बिडीचा धूर या तंतूंना मंद व लुळे करतो. धूर थांबला की काही आठवड्यांत ते पुन्हा काम करू लागतात आणि साठलेला कफ वर येऊ लागतो. सासऱ्यांचा वाढलेला खोकला बहुधा याच साफसफाईचा असावा. तो बिडी सोडल्याचा दोष नव्हे.

‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्याची थुंकी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासून क्षयाची शंका दूर करून घ्यावी. थुंकीत रक्त, ताप, वजन घटणे किंवा वाढती धाप यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. चालताना दम लागत असेल तर फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजण्याची चाचणी करून घ्यावी. श्वासमार्ग आखडलेले आढळले तर डॉक्टर श्वासातून ओढण्याचे औषध देतात. ते योग्य जागी पोहोचते, काढा पोहोचत नाही.

फुप्फुसे भरून येण्यालाही मर्यादा आहे. वायुकोशांच्या मोडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. पण २०२० साली ब्रिटनमधील संशोधकांनी १६ जणांच्या श्वासमार्गातील पेशी तपासल्या, तेव्हा धूम्रपान सोडलेल्यांत चाळीस टक्क्यांपर्यंत पेशी कधीच न ओढणाऱ्यांच्या पेशींसारख्या आढळल्या. अभ्यास लहान आहे. तरी निरोगी पेशी शिल्लक असतात व त्या हळूहळू जागा घेऊ शकतात, असे तो सुचवतो. त्यासाठी धूर मात्र पूर्ण थांबला पाहिजे, आणि त्यात स्वयंपाकघरातील चुलीचा व दारात जाळलेल्या कचऱ्याचा धूरही आला.

तेव्हा भगिनींनो, गुळाचा खडा मधुमेह नसल्यास आवडीने खाऊ द्या, ज्येष्ठमध आवरा, थुंकी याच आठवड्यात तपासा. आणि सासऱ्यांना बिडीची ओढ अनावर झाली तर १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर त्यांना स्वतःला बोलू द्या.