अंडी धुण्याविषयी

संपादक महाशय,

गतांकातील पत्रलेखिकाबाईंनी अंडी आणताच गार पाण्याने धुऊन फडताळात ठेवण्याची जी शिफारस केली आहे, तिच्यामागील हेतू स्तुत्य असला, तरी परिणाम नेमका उलटा होण्याचा संभव आहे. कवचाला सहस्रावधी सूक्ष्म रंध्रे असतात, आणि कोंबडीच्या शरीरातच त्यावर चढलेला प्रथिनमय पातळ लेप त्यांची तोंडे बुजवून जंतूंना मज्जाव करतो. चोळून धुतल्यास तो लेपच झिजतो. त्यातून पाणी अंड्याहून गार असले, की आतील द्रव्य आकुंचन पावून कवचावरील मलिन पाणी, साल्मोनेला असल्यास त्यासकट, रंध्रांवाटे आत ओढले जाते. अमेरिकेतील व्यापारी अंडी धुतात खरी. परंतु अंड्याहून सुमारे ११ अंश सेल्सियस अधिक उष्ण पाण्याने, आणि ताबडतोब वाळवून पुढे सतत ७ अंशांच्या आसपास थंड ठेवून. हा सरंजाम आपल्या मोरीत कोठून असणार? युरोपात तर उत्तम प्रतीची अंडी धुण्यास सामान्यतः मनाईच आहे.

शीट लागलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. फारच बरबटलेले असेल, तर कोमट पाण्याने धुऊन त्याच वेळी पुरते उकडून खावे. तडकलेल्या अंड्यास मात्र कोणताही लेप तारीत नाही.

आपला,
एक वाचक