दोडका लिहायचा की नाही?

आमच्या मजल्यावरच्या काकू गेल्या वर्षी जूनपासून डबे देतात. वाकडला आमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये निम्मे फ्लॅट हिंजवडीला जाणाऱ्या पोरापोरींनी भरलेले आहेत. तिघांत एक फ्रिज, त्यात अंडी आणि अर्धा लिंबू. काकूंच्या हाताला चव आहे, काकांची नोकरी सुटलेली, म्हणून त्यांनी अठरा हजारांचे स्टीलचे डबे आणि मोठी पातेली घेऊन हे सुरू केलं. पहिली जाहिरात लिहायचं काम अर्थातच अस्मादिकांकडे आलं, कारण "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना".

एका विकांताला बसून मी मोठ्या अभिमानाने लिहिलं, "आईच्या हातची चव आता तुमच्या दारात! रुचकर, पौष्टिक, घरगुती जेवण. पहिल्या डब्यावर ५० टक्के सूट. आजच ऑर्डर करा!" खाली वाफाळत्या थाळीचं चित्र, तेही जालावरून उचललेलं. त्यात पनीर होतं. काकू पनीर करतच नाहीत.

जाहिरात चालली म्हणजे काय, धो धो चालली. तीन आठवड्यांत ३८ जणांनी डबा मागवला. मी हापिसात जाहिरात-गुरू असल्यासारखा फिरत होतो. महिनाअखेरीला काकूंनी वही दाखवली. ३८ पैकी महिन्याचे पैसे भरणारे तीन! बाकीच्यांनी एकदा खाल्लं, "मस्त होतं काकू" असा मेसेज टाकला आणि गेले. शिवाय एकेकटे डबे संध्याकाळी साडेसहाला मागवलेले. कधी चार, कधी सतरा. भाजी सकाळी आणायची, निवडून-चिरून दुपारी ठेवायची, कणीक पाचला भिजवायची, त्यामुळे एक तर अन्न उरायचं नाहीतर काकांना पळत जाऊन भाजी आणावी लागायची. वर सूट. १२० चा डबा ६० ला दिला की सामान, गॅस आणि पोचवणाऱ्या मुलाचे पैसे जाऊन हातात शून्याच्या खालीच काहीतरी. काकू म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर डबे विकून टाकते."

मला खरंच वाईट वाटलं. स्वयंपाक उत्तम होता, गोंधळ माझ्या लिहिण्यात होता.

मग मी एक साधं काम केलं, जे आधी करायला हवं होतं. टिकलेल्या तिघांना आणि गेलेल्यांपैकी ओळखीच्या सात-आठ जणांना विचारलं. गेलेल्यांपैकी एकानेही चवीला नाव ठेवलं नाही. एक म्हणाला, "आवडला रे, पण रोज संध्याकाळी मागवायचं लक्षातच राहत नाही." एक मुलगी महिन्यातले आठ दिवस बंगलोरला असते, तिला पैसे बुडायची भीती. दोघांनी विचारलं की रोज बटाटाच असतो का, कारण आधीच्या मेसमध्ये तसंच होतं. आणि टिकलेला एक जण सरळ म्हणाला, "आठच्या आत दारात असतो ना, मग विचार करावा लागत नाही."

इथे माझी ट्यूब पेटली. एकदा मागवणारा माणूस चव विकत घेतो. महिन्याचा डबा लावणारा 'आज काय खायचं' ह्या रोजच्या कटकटीतून सुटका विकत घेतो. आणि पैसे भरण्याआधी त्याच्या डोक्यात तीनच प्रश्न असतात. तिसऱ्या मंगळवारी डब्यात काय असेल? किती वाजता येईल? मी जेवलो नाही त्या दिवसाचं काय? माझ्या जाहिरातीत ह्यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं. 'रुचकर' आणि 'पौष्टिक' तर कोपऱ्यावरचा वडापाववालाही लिहितो.

दुसरी जाहिरात लिहायला आम्ही काकूंच्या ओट्याशेजारी बसलो आणि पहिल्याच ओळीवर भांडण झालं. मी आठवड्याचा मेनू जसाच्या तसा मागितला. काकू म्हणाल्या, "मंगळवारी दोडका असतो. अरे, दोडका लिहिलास तर कोण येईल? गुळाच्या पोळ्यांचं लिही."

गुळाच्या पोळ्या त्या संक्रांतीला करतात.

माझं म्हणणं असं की दोडक्याला पळणारा माणूस पहिल्या मंगळवारी पळणारच आहे. तो सूट घेऊन, डबा खाऊन पळण्यापेक्षा जाहिरात वाचूनच पळालेला बरा. आणि जो दोडका वाचूनही फोन करतो, त्याला कळलेलं असतं की ही घरची आठवड्याची भाजी आहे, हॉटेलचं मेनूकार्ड नव्हे. बऱ्याच वादानंतर दोडका राहिला. शेवटी लिफ्टजवळच्या फळ्यावर हे लागलं:

रात्रीचा डबा, सोमवार ते शनिवार. ३ पोळ्या, भाजी, आमटी किंवा वरण, भात.
सोम : मटकीची उसळ. मंगळ : दोडका. बुध : पिठलं-भाकरी. गुरू : ताकातला पालक. शुक्र : भरली वांगी. शनि : मसालेभात, कढी.
पुढच्या आठवड्याच्या भाज्या रविवारी कळवतो. बटाटा आठवड्यातून एकदाच. पनीर, नूडल्स मिळणार नाहीत.
डबा ७:३० ते ८:१५ मध्ये दारात.
दुपारी १२ पर्यंत कळवलंत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. महिन्यात ६ खाड्यांपर्यंत.
महिना (२६ डबे) २६०० रुपये. आधी ६ दिवस बघा, सोमवारी सुरू, ६६० रुपये. पुढे चालू ठेवलंत तर हे पैसे महिन्यात धरू.
स्वयंपाक आम्ही दोघं करतो, त्यामुळे २५ च डबे.

खाली काकूंचा फोन आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी क्रमांक. बास. एकही उद्गारचिन्ह नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते तुम्ही वरती वाचलंच आहे.

ह्यातली सहा दिवसांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अर्ध्या किमतीतला एक डबा आपण हॉटेलच्या डिशसारखा तपासतो. भारी होता का? फोटो काढावासा वाटला का? मंगळवारचा दोडका त्या परीक्षेत नापास होणारच. पण सोमवार ते शनिवार जेवलं की दोडक्याच्या दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी येते आणि माणूस दोडका माफ करतो. घरी आपण हेच करतो की. शिवाय सहा संध्याकाळी डबा वेळेवर दारात दिसला की सवय लागते, आणि रविवारी डबा नसतो तेव्हा ती जाणवते! ह्या सहा दिवसांना सूट नाही. ११० रुपये रोज, म्हणजे महिन्याच्या १०० पेक्षा थोडे जास्तच. पण पुढे चालू ठेवणाऱ्याला महिन्याचे उरलेले १९४० च द्यायचे असतात, म्हणून त्याचं काही जात नाही. फुकट चाखायला येणारा मात्र ६६० बघूनच थांबतो.

आता आम्ही कुठे आपटलो तेही सांगतो, कारण वरची जाहिरात एका फटक्यात झालेली नाही. पहिल्या मसुद्यात खाड्यांना मर्यादाच नव्हती. उदार मनाने मी "जेवलात तेवढेच पैसे" लिहिलं होतं. त्यावर आलेल्या एका साहेबांनी महिन्यात १४ खाडे केले. म्हणजे ते महिन्याच्या दरात एकेकटे डबेच घेत होते, आणि काकू पुन्हा 'आज किती' ह्या प्रश्नाला लागल्या. बंगलोरवालीचे आठ दिवस मला बसवायचे होते, पण हिशेब केल्यावर काकूंना सहाच परवडत होते. ती तरीही आली, दोन दिवसांचे पैसे सोडून देते म्हणाली. तिला नियम आधी कळायला हवा होता, फुकट काही नको होतं.

दुसरी चूक वेळेची. मी ऐटीत "बरोब्बर ७:३० ला" लिहिलं होतं. एका पावसाच्या संध्याकाळी डबे पोचवणारा मुलगा आलाच नाही, काका छत्री घेऊन चार इमारती फिरले, शेवटचा डबा ८:१० ला गेला. फोनवर फोन. एरवी आठ वाजता येणाऱ्या डब्याला कोणी काही म्हटलं नसतं, पण साडेसात आम्हीच लिहिलं होतं ना. तेव्हापासून जाहिरातीत आम्ही चांगल्या दिवसाची वेळ लिहीत नाही, वाईट दिवसाची लिहितो. डबा बहुतेक वेळा पावणेआठलाच पोचतो, आणि लोक उलट खूश असतात.

२५ चा आकडाही खरा आहे. चार शेगड्या आणि दोन माणसं ह्यांत त्याहून जास्त पोळ्या वेळेत होत नाहीत. "मोजक्याच जागा शिल्लक" छाप खोटी घाई लिहायचा मोह मला झाला होता, पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलांना भरलेल्या आणि रिकाम्या जागा बरोब्बर कळतात. सगळे एकाच लिफ्टमध्ये भेटतात.

महिना संपताना काय लिहायचं, हाही जाहिरातीचाच भाग आहे असं माझं मत झालंय. आधी काकू संकोचाने काही बोलायच्याच नाहीत आणि माणूस गुपचूप गळायचा. आता २३ वा डबा झाला की मेसेज जातो, "तुमचे २३ डबे झाले, ३ राहिले. २ खाडे झाले होते, ते धरलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात गवार, चवळी, पिठलं, मेथी, वांगी-बटाटा, मसालेभात." पैशांची आठवण वेगळी करावी लागत नाही. हिशेब स्वच्छ दिसला की बहुतेक जण त्याच दिवशी भरून टाकतात. खाडे काकू कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात. मी स्प्रेडशीट करून दिली होती, ती त्यांनी प्रेमाने नाकारली.

दुसऱ्या जाहिरातीला फोन आले फक्त ११. मी खचलो होतो. ११ पैकी नऊ जणांनी सहा दिवस घेतले, सात जणांनी महिना लावला, दुसऱ्या महिन्याचे पैसे सहांनी भरले. आमच्याकडे ह्याला रिटेन्शन म्हणतात आणि त्याचे रंगीत आलेख काढतात. काकू फक्त विचारतात, "टिकला का रे तो बी-विंगमधला?" मोजायचं तेच आहे, किती फोन आले ते नव्हे. ही जाहिरात आम्ही नंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावत गेलो, कारण पगार तेव्हा होतात आणि फ्लॅटमधली माणसंही तेव्हाच बदलतात. दिवाळीला २१ डबे होते. पातेली विकायचा विषय निघाला नाही.

सध्या वाद दुपारच्या डब्यावरून चालू आहे. काकूंना तोही सुरू करायचाय आणि मी जाहिरात लिहून देत नाहीये. दुपारचा डबा हिंजवडीला जाणार, तिथल्या गेटवर अडणार, आणि रिकामा डबा परत कोण आणणार हे अजून ठरलेलं नाही. काकू म्हणतात, "तू लिही तर, मग बघू." मी म्हणतो, आधी डबा परत कसा येणार ते सांगा, मग लिहितो. हे लिहिता लिहिता त्यांनी दारातून वाटीभर पिठलं दिलंय, त्यामुळे माझी बाजू जरा पडती आहे.