दहानंतरचा निरोप

आमच्या बारामतीच्या कचेरीत परवा आरोग्यवर्ग भरला. डॉक्टरांनी सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, मिठाला आणि वड्याला नावं ठेवली, आणि उरलेली पाच मिनिटं 'कर्मचाऱ्यांपैकी कुणीतरी दोन शब्द' म्हणून सोडून दिली. बोलायची हौस मला जुनीच. उठलो आणि म्हणालो :

"मंडळी, मिठाचं राहू द्या. रात्री साडेदहाला ग्रुपवर पडतं ना, 'उद्याची यादी पाठवा', त्याचं बोला. पाठवणारा म्हणतो, मी कुठं लगेच उत्तर मागितलं? खरं आहे. त्यानं डोक्यातलं ओझं ग्रुपवर उतरवलं आणि घोरायला लागला. जागा राहतो तो वाचणारा. परदेशातल्या दोन संशोधक बाईंनी २०२१ साली हेच दाखवून दिलं. अवेळी आलेल्या कामाच्या ई-मेलचं उत्तर पाठवणाऱ्याला जितक्या घाईनं हवं असतं, त्याहून जास्त घाई वाचणारा धरून चालतो. 'घाई नाही' असे दोन शब्द लिहिले तर हा घोळ कमी होतो. पण आपल्याकडं ते दोन शब्द लिहायलाच कुणाला सवड नसते!

"कुणी म्हणेल, फोन बंद करून झोपा की. आता इंदापूरकडून एस्टीनं येणारे आपले सहकारी घ्या. शेतीला रात्रीची वीज असली की उसाला दारं धरायला त्यांना मध्यरात्री उठावं लागतं. वीज आल्याची वर्दी मोटारीचा स्टार्टर मोबाइलवरच देतो. त्यांनी फोन बंद कसा करायचा? टिंग वाजलं की ते पायात चपला सरकवतात, आणि बघतात तर साहेबांची यादी!

"याला कायदा हवा म्हणाल, तर बारामती आणि इंदापूर दोन्ही ज्या मतदारसंघात येतात, तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं विधेयक लोकसभेत मांडलेलं आहे. कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क! २०१८च्या डिसेंबरात मांडलं, २०२५च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. पण ते खासगी विधेयक, आणि १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. दिल्लीची वाट बघत बसलो तर आपण सगळे पेन्शनीत निघू.

"तातडीचं काम असेल तर काय? सरळ फोन करा. मोटारीवाला उचलेल, मीही उचलेन. रात्री अकराला फोनची घंटी वाजवायला जीभ अडखळते ना? मग ते काम तातडीचं नाही. ते कागदावर लिहून उशाशी ठेवा आणि सकाळी नवाला पाठवा."

टाळ्या बऱ्या पडल्या. साहेबसुद्धा खूश दिसले. "छान बोललात," म्हणाले, "सगळे मुद्दे लिहून आज रात्री ग्रुपवर टाका."