शेवटची शिल्लक जुळली म्हणून काय झालं?

गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार पासबुकाचे फोटो मोबाइलवरून पाठवतो, लेखापरीक्षकाच्या कार्यालयातला मुलगा ते बघून एक्सेलमध्ये नोंदी उतरवतो. मार्च-एप्रिल उलटला की हे काम गावोगाव चालतं. उतरवून झालं की विचारायचं, "जुळलं का?" उत्तर येतं, "हो, शेवटची शिल्लक जुळली." मग फाइल बंद. माझं भांडण या 'हो'शी आहे.

या मंडळींचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. आरंभीच्या शिल्लकीत एकूण जमा मिळवा, एकूण नावे वजा करा; उत्तर पासबुकातल्या अखेरच्या आकड्याइतकं आलं की सगळ्या नोंदी बरोबर. एखादी चुकली असती तर बेरीज फुटली असती. मग ओळ न् ओळ तपासायची कशाला? एक चूक असेल तर बेरीज फुटते, हे मला मान्य आहे. दोन चुका असतील तर मात्र ती फुटेलच असं नाही, आणि एकमेकींना खाणाऱ्या दोन चुका वाटतात तितक्या दुर्मीळ नसतात.

उदाहरण म्हणून जून महिन्याचं एक पान घेऊ. आरंभी शिल्लक ४८,२१० रुपये. ३ तारखेला एका सदस्याची देखभाल वर्गणी ६,५०० जमा, शिल्लक ५४,७१०. ५ तारखेला वीजबिल ३,६८४ नावे, शिल्लक ५१,०२६. ७ तारखेला दुसऱ्या सदस्याचा ६,५०० चा चेक जमा, शिल्लक ५७,५२६. १० तारखेला लिफ्टच्या दुरुस्तीचे ११,८०० नावे, शिल्लक ४५,७२६. १२ तारखेला तो चेक न वटता परत आला, म्हणून ६,५०० नावे, शिल्लक ३९,२२६. त्याच दिवशी चेक परतीचा आकार ११८ नावे, शिल्लक ३९,१०८. १५ तारखेला आणखी एक वर्गणी ६,५०० जमा, शिल्लक ४५,६०८. १८ तारखेला रखवालदाराचा पगार १४,२५० नावे, शिल्लक ३१,३५८.

आता ७ तारखेची ओळ पासबुकाच्या घडीत गेली आणि परतीच्या ओळीवर फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली पडली. शिवाय पानभर ६,५०० हाच आकडा पुन्हा पुन्हा दिसत असताना नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरतेच. दोन्ही नोंदी राहिल्या. उरलेली जमा १३,०००, उरलेली नावे २९,८५२. ४८,२१० अधिक १३,००० वजा २९,८५२ म्हणजे ३१,३५८. ताळा पैशापर्यंत बरोबर! आणि ज्या सदस्याचा चेक परत आला, त्याचं नाव वहीत कुठेच नाही. परतीचा ११८ रुपयांचा आकार तेवढा मागे राहिला, पण तो कुणाकडून वसूल करायचा हे कळायला मार्ग उरला नाही.

उपाय पासबुकातच छापलेला असतो. प्रत्येक ओळीपुढची शिल्लक बँकेच्या यंत्राने काढलेली आहे, आपण नाही. ती जशीच्या तशी उतरवायची आणि प्रत्येक ओळीला विचारायचं: मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, एवढीच रक्कम इथे छापली आहे का? डी रकान्यात नावे, ई मध्ये जमा, एफ मध्ये शिल्लक असेल तर तिसऱ्या ओळीपुढे एवढंच लिहायचं:

```
=ROUND(F3-(F2-D3+E3),2)
```

आणि ते खालपर्यंत ओढायचं. सगळीकडे शून्य हवं. ROUND घातलं नाही तर दशांशांच्या हिशोबात एक्सेल कधी कधी शून्याऐवजी नगण्य अपूर्णांक दाखवतं आणि उगाच शोधाशोध होते.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो. "शिल्लक टाइप करायचीच कशाला? सूत्राने काढू, वेळ वाचेल." वेळ वाचतो खरा, पण मग तपासणी उरतच नाही. आपण टाइप केलेल्या रकमांवरून आपणच काढलेली शिल्लक त्या रकमांशी जुळणारच. आरोपीलाच साक्षीला उभं करण्यासारखं आहे हे. शिल्लकीचा रकाना फोटोतूनच यायला हवा. तो स्वतंत्रपणे आला आहे यातच त्याची सगळी किंमत आहे.

सूत्र ओढलं की आपल्या पानावर काय दिसेल? ५ तारखेनंतर थेट १० तारीख. ५१,०२६ वजा ११,८०० म्हणजे ३९,२२६ यायला हवे, छापलेत ४५,७२६. फरक अधिक ६,५००. पुढच्या ओळीत ४५,७२६ वजा ११८ म्हणजे ४५,६०८ हवे, छापलेत ३९,१०८. फरक उणे ६,५००. त्याखाली पुन्हा शून्य. बेरजेने जे गिळलं, ते इथे दोन ठिकाणी उघडं पडलं.

फरकाच्या रूपावरून चुकीची जात बऱ्यापैकी कळते. वीजबिलाचे ३,६८४ हे ३,८६४ असे उलटसुलट पडले तर त्या एकाच ओळीत १८० चा फरक दिसतो आणि खाली सगळं सुरळीत. (फरकाला नऊने भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल असावी, ही जुन्या कारकुनांची खूण इथेही लागू पडते.) तीच रक्कम जमेच्या रकान्यात गेली तर फरक बरोबर दुप्पट, ७,३६८. आणि शिल्लकच चुकीची वाचली, म्हणजे फिकट छपाईत ४५,७२६ मधला ७ हा १ वाटला, तर लागोपाठ दोन ओळींत ६०० चा फरक येतो, एकदा उणे, एकदा अधिक.

हुशार माणसं घसरतात ती याच जागी. आपल्या पानावरही लागोपाठ दोन ओळींत सारखा, उलट चिन्हाचा फरक आलाय. म्हणजे खूण सांगते, शिल्लक चुकीची वाचली. कुणी फोटो न बघता ४५,७२६ च्या जागी ३९,२२६ टाकलं, तर दोन्ही फरक शून्य होतील, साखळी अखंड दिसेल आणि दोन हरवलेल्या नोंदी कायमच्या गाडल्या जातील. म्हणून फरक दिसला की तो दुरुस्त करायचा नाही, फोटो मोठा करून ती ओळ वाचायची. फोटोत ४५,७२६ स्वच्छ दिसत असेल, तर शिल्लक बरोबर आहे आणि आधी-नंतरच्या ओळी शोधायच्या. हिशोबाने जागा दाखवावी, आकडा फक्त फोटोने द्यावा.

तिसरा आक्षेप मला मानावाच लागतो: या तपासणीला सगळं दिसत नाही. तारीख, तपशील, चेक क्रमांक यांच्याशी तिचा काही संबंध नाही. १२ जूनची २१ जून झाली तरी शिल्लक जुळतेच. शिवाय जमा आणि तिची परत या दोन ओळी लागून असतील आणि दोन्ही सुटल्या, तर साखळीला खरचटतही नाही. फसलेला यूपीआय व्यवहार त्याच मिनिटाला उलटतो, तेव्हा हेच होतं. पण यावरून साखळी टाकून द्या असं निघत नाही. फोटोतल्या प्रत्येक पानावरच्या ओळी बोटाने मोजून एक्सेलमधल्या ओळींशी ताडून पाहायच्या, एवढंच निघतं. पानाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानावर 'मागील पानावरून' म्हणून आलेली शिल्लकही ताडायची. मधला एखादा फोटोच आलेला नसेल तर तो बहुतेक वेळा तिथेच सापडतो.