पंक्चरचा राग टायरवर काढू नका



गुलाबाचा हंगाम आला की पॉलिहाऊसवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला: "एकचाकी गाडा सारखा पंक्चर होतो, भरीव चाक टाकू का?" माझं मत सांगतो. पहिली पंक्चर झालेली ट्यूब फेकू नका, नीट बघा. चाक बदलायचं की नाही ते ट्यूबच सांगते.

आमच्याकडे मागच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एकच गाडा सहा वेळा बसला. व्हॅलेंटाइनची तोडणी चालू, बादल्या डोक्यावरून वाहायची पाळी. सगळे म्हणाले, गुलाबाचे काटे. खरं तर गुलाबाचा काटा आखूड. टायर झिजलेला नसेल तर तो सहसा आत पोचत नाही. मी सहाही ट्यूबा पाण्यात बुडवून बघितल्या. चार ट्यूबांना शेजारी शेजारी दोन समांतर चिरा होत्या. एकीचा व्हॉल्व्ह मुळातून फाटलेला. काट्याचं बारीक भोक फक्त एकीला, तेही बाभळीच्या काट्याचं.

दोन चिरा म्हणजे हवा कमी होती. भरलेला गाडा पॉलिहाऊसच्या उंबऱ्यावर आपटला की रिम खाली बसते आणि ट्यूब रिम व उंबरा यांच्यामध्ये चिमटली जाते. व्हॉल्व्ह फाटण्याचं कारणही तेच. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला राहतो. म्हणजे सहातली पाच पंक्चरं आमच्या आळसाची. मग उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार दिला आणि दर सोमवारी टायरवर छापलेल्या आकड्याइतकी हवा मोजून भरायला लागलो. यंदाच्या हंगामात एकच पंक्चर. बारीक काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट घालता येतं, पण चिरा पडलेल्या ट्यूबला त्याचा उपयोग नाही.

ट्यूब काढताना एक काळजी घ्या. काही गाड्यांची रिम दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट ढिले करू नका, तुकडा उडून तोंडावर येतो.

मग भरीव चाक कधी टाकायचं? जिथे भोकंच भोकं पडतात आणि जमीन कडक आहे तिथे. आमचा दुसरा गाडा पॅकिंग शेड ते रस्ता एवढाच फिरतो. खाली सिमेंट आणि मुरूम, त्यात तारेचे तुकडे. त्याच्या ट्यूबेला ठिगळावर ठिगळ. त्याला फोमचं तयार चाक बसवलं, ते योग्य झालं. फक्त दणका आता चाक न खाता गाडा खातो. महिन्याभरात पायाचे बोल्ट ढिले झाले, मग नायलॉनचे लॉक नट लावले. भरीव रबराचं चाक याहून जड आणि कडक; वेल्डिंग कच्चं असेल तर तिथे तडा जातो.

आपल्याच टायरमध्ये फोम ओतून घेण्याचा पर्यायही आहे. दोन द्रव मिसळून व्हॉल्व्हमधून भरतात, आत ते रबरासारखं घट्ट होतं. लोडरसारख्या मोठ्या यंत्रांना ते परवडतं. पण तो फोम परत निघत नाही. टायर झिजला की कापूनच काढावा लागतो. एका गाड्याच्या चाकासाठी एवढा खटाटोप मला पटत नाही, तयार चाक घ्यावं.

भात खाचरात आणि पावसाळ्यात शेणखत वाहायला मात्र हवेचंच चाक ठेवा. मऊ मातीत ते थोडं पसरतं आणि ओझं जास्त जागेवर टेकतं. कडक चाक चर पाडत जातं, मग गाडा ढकलणाऱ्याची पाठ जाते.

लोणावळ्यात बंगल्यांच्या लॉनची कामं घेणाऱ्या आपल्या पोरांसाठी दोन शब्द. ढकलायच्या मशीनला बहुधा भरीवच चाकं असतात. बसून चालवायच्या मशीनची पुढची छोटी चाकं फोमची करायला हरकत नाही, पण दोन्ही एकदम आणि एकाच उंचीची करा. नाहीतर पातं तिरकं होतं आणि गवत एका बाजूला जास्त कापलं जातं. (एका टायरात हवा कमी असली तरी हेच होतं, पोरं उगाच पात्याला दोष देतात.) मागची, ओढणारी चाकं हवेचीच राहू द्या. ओल्या उतारावर पकड त्यांचीच लागते.

चाक आणायला जाताना टायरवरचा आकडा लिहून घ्या, बऱ्याच गाड्यांवर 4.00-8 असतो. तेवढ्यावर भागत नाही. एक्सलची जाडी आणि दोन फाट्यांमधलं अंतरही मोजा. जमलं तर जुनं चाकच काढून पिशवीत घेऊन जा.