सॉफ्टवेअरवरही घटक छापा

बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी असते. आपले पैसे सांभाळणाऱ्या अ‍ॅपवर नसते. ती का हवी, हे २०१८ मधील एका प्रकरणातून कळते.

`event-stream` हा असंख्य प्रोग्रामांत वापरला जाणारा फुकट कोड. त्यात रस न उरलेल्या निर्मात्याने तो मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवला. सप्टेंबरमध्ये त्याने `flatmap-stream` हा निरुपद्रवी घटक जोडला. ऑक्टोबरमध्ये त्या घटकाची 0.1.1 आवृत्ती आली. कोपे या बिटकॉइन वॉलेटच्या किल्ल्या चोरणारा कोड तिच्यात दडवला होता. जोडणी `^0.1.0` अशी होती, म्हणजे पुढची किरकोळ सुधारणा आपोआप चालेल. विष तिथूनच शिरले. ज्यांनी 0.1.0 वरच आवृत्ती गोठवली होती, ते वाचले.

मात्र गोठवल्याने जुन्या चुकाही टिकतात, आणि विषारी आवृत्ती गोठवली तर विषच टिकते. तिथे घटकयादी उपयोगी पडते. `flatmap-stream` बहुतेकांनी स्वतः मागवलाच नव्हता. तो घटकाचा घटक होता. यादी असेल, तर तो आपल्याकडे आहे का, हे लगेच शोधता येते. यादी चोरी थांबवत नाही. चोर कुठे शिरला, ते दाखवते. सॉफ्टवेअर विकत घेताना बँकांनी आणि सरकारी खात्यांनी ती मागितलीच पाहिजे.